‘आमचा नाइलाज होता’ आणि ‘आधी त्यांनी मोडलं’: राज्यांच्या जबाबदारीतली निकड आणि प्रतिउपाय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईत चर्चगेटच्या बाजूला संध्याकाळच्या वर्गात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. मुलं कोर्टातून, ऑफिसातून थेट येतात, दमलेली असतात, पण या विषयाला पोचलो की वर्ग जागा होतो, कारण वाद घालायला प्रत्येकाला काहीतरी सापडतं. दरवर्षी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये बहुतेक वेळा मी एकाच खटल्याकडे परत येते, तो म्हणजे हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांचा डॅन्यूब नदीवरच्या धरणांचा खटला. निकड आणि प्रतिउपाय हे दोन्ही बचाव त्या एका निकालात तपासले गेले आणि दोन्ही पडले.

‘बेकायदेशीरपणा वगळणारी परिस्थिती’ म्हणजे काय?

एखाद्या राज्याने, म्हणजे इथे सार्वभौम देशाने, करार मोडला किंवा रूढ आंतरराष्ट्रीय नियम मोडला, तर त्याच्यावर जबाबदारी येते. कृत्य थांबवायचं आणि भरपाई करायची. पण काही प्रसंगी ते राज्य म्हणू शकतं की, ‘आम्ही नियमाविरुद्ध वागलो हे खरं, पण त्या परिस्थितीत ते वागणं बेकायदेशीर धरता येत नाही.’ संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2001 मध्ये राज्यांच्या जबाबदारीचे जे अनुच्छेद तयार केले, त्यात अशा सहा परिस्थिती आहेत: संमती, स्वसंरक्षण, प्रतिउपाय, आवाक्याबाहेरची घटना, जिवावरचं संकट आणि निकड. हे अनुच्छेद म्हणजे करार नव्हे, पण न्यायालयं आणि लवाद त्यांचा सतत आधार घेतात.

निकड, म्हणजे ज्याला आपण वर्गात सरळ ‘नेसेसिटी’ म्हणतो, तिचा अर्थ ‘आमचा नाइलाज होता’. प्रतिउपाय, म्हणजे काउंटरमेझर, याचा अर्थ ‘आधी तुम्ही मोडलं, म्हणून तुम्हाला वळणावर आणायला आम्ही मोडतोय’. बाकीच्या चार परिस्थितींवर वाद होतात, पण या दोन्हींची ओढ वेगळी आहे. दोन्हींमध्ये राज्य स्वतःच्याच प्रकरणात स्वतःच आधी निवाडा करून टाकतं, म्हणून त्यांच्याभोवतीचं कुंपण इतकं उंच आहे.

फौजदारी कायद्यातही निकडीचा बचाव आहे. तोच इथे लावायचा का?

नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 19 (जुन्या दंड संहितेचं 81) व्यक्तीच्या गुन्ह्याबद्दल आहे आणि त्यात हेतूला महत्त्व आहे. राज्यांच्या जबाबदारीत हेतू चांगला होता एवढ्याने काही साधत नाही. परीक्षेत या दोन्हींची सरमिसळ करून लिहिलेली उत्तरं दरवर्षी येतात आणि तिथेच गुण जातात.

डॅन्यूबचा खटला नेमका काय होता?

16 सप्टेंबर 1977 रोजी हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाने करार केला की, डॅन्यूबवर मिळून धरणांची एक साखळी बांधायची. फळ्यावर मी ती अशी काढते: वरच्या अंगाला हंगेरीत दुनाकिलिती, तिथे नदी अडवायची. तिथून पाणी एका कालव्याने चेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीतल्या गाबचिकोवोच्या वीजकेंद्राकडे न्यायचं. बरंच खाली, हंगेरीत नागिमारोश इथे, दुसरं धरण. गाबचिकोवोतून विजेच्या मागणीप्रमाणे पाणी एकदम सुटणार, त्या लाटा खाली सावरायला नागिमारोश लागणार होतं. म्हणजे एक भाग काढला की दुसरा लंगडा.

हंगेरीत पर्यावरणाच्या चिंतेवरून लोक रस्त्यावर आले. 13 मे 1989 रोजी हंगेरीने नागिमारोशचं काम थांबवलं, मग दुनाकिलितीचं, आणि ऑक्टोबरमध्ये नागिमारोश कायमचं सोडून दिलं. चेकोस्लोव्हाकियाचं गाबचिकोवो तोवर बरंचसं बांधून झालं होतं. त्यांनी नोव्हेंबर 1991 मध्ये ‘पर्याय सी’ हाती घेतला: दुनाकिलितीच्या वर, स्वतःच्या हद्दीत चुनोवो इथे नदी अडवायची आणि पाणी एकट्यानेच कालव्यात वळवायचं. मे 1992 मध्ये हंगेरीने करार संपल्याचं कळवलं. ऑक्टोबर 1992 मध्ये नदी वळली. 1993 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जागी स्लोव्हाकिया आला, दोघं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि 25 सप्टेंबर 1997 रोजी निकाल लागला. दरम्यान न्यायाधीशांनी प्रत्यक्ष जागेला भेट दिली. त्या न्यायालयाच्या इतिहासात अशी स्थळपाहणी पहिल्यांदाच झाली.

हंगेरीची भीती खोटी होती का?

मुळीच नाही, आणि म्हणूनच हा खटला शिकण्यासारखा आहे. बुडापेस्टचं बरंचसं पिण्याचं पाणी नदीकाठच्या विहिरींतून येतं. आपलं पाणी तानसा, वैतरणा, भातसा इथून जलवाहिन्यांनी येतं, त्यामुळे ही पद्धत आपल्याला थोडी समजावून घ्यावी लागते. नदीचं पाणी काठाच्या वाळू-खडीच्या थरातून झिरपत विहिरीत उतरतं आणि वाटेतच गाळून निघतं. वरच्या अंगाला धरण आलं की खडी तिथेच अडकते. खालच्या प्रवाहाला खडी मिळत नाही, तेव्हा तो स्वतःचाच तळ उकरू लागतो. तळ खोल गेला की नदीची पातळी उतरते आणि विहिरींना येणारं पाणी घटतं. नागिमारोशच्या खाली सेंटेंड्रे बेटावर अशाच विहिरी आहेत. वर सिगेटकोझ भागातल्या पाणथळ जमिनी आणि भूजल यांची भीती वेगळी होती.

न्यायालयाने एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली: नैसर्गिक पर्यावरण जपणं हे राज्याचं ‘अत्यावश्यक हित’ असू शकतं. हंगेरीने ही पहिली पायरी ओलांडली. अडचण पुढच्या पायऱ्यांवर आली.

मग निकडीच्या अटी कोणत्या, आणि हंगेरी कुठे अडखळली?

अनुच्छेद 25 ची भाषाच नकारात्मक आहे. ‘अमुक झालं तर निकड सांगता येईल’ असं त्यात म्हटलेलं नाही. ‘अमुक असल्याशिवाय सांगताच येणार नाही’ असं म्हटलं आहे. धोका गंभीर आणि लगेचचा हवा. नियम मोडणं हा एकमेव मार्ग हवा. समोरच्या राज्याचं अत्यावश्यक हित मोठ्या प्रमाणात दुखावलं जाता कामा नये. आणि त्या परिस्थितीला राज्याने स्वतः हातभार लावलेला नसावा. सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

‘लगेचचा’ या शब्दावर मुलं हमखास अडतात. धोका वीस वर्षांनी येणार असेल तर तो लगेचचा नाहीच का? न्यायालयाचं म्हणणं असं की, धोका दूरचा असला तरी चालेल, पण तो घडणार हे त्या क्षणी पक्कं आणि अटळ दिसायला हवं. निव्वळ शंका पुरत नाही. हंगेरीचा धोका खरा असण्याची शक्यता होती, पण 1989 मध्ये तो पक्का नव्हता. शास्त्रज्ञांचे अहवाल एकमेकांशी जुळत नव्हते, आणि हंगेरी स्वतःच ‘अजून अभ्यास हवा’ म्हणत होती. अभ्यास हवा म्हणणं आणि धोका अटळ आहे म्हणणं, हे दोन्ही एका वेळी जमत नाही.

‘एकमेव मार्ग’ ही अट तर मला सगळ्यात निर्दय वाटते. न्यायालयाने विचारलं: खडी अडकणार होती ना? मग धरणाच्या खाली नियमितपणे खडी टाकता आली असती. विहिरींचं पाणी बिघडणार होतं? मग शुद्धीकरण करता आलं असतं. महाग पडलं असतं, हे न्यायालयाला मान्य होतं. पण खर्च जास्त आहे म्हणून मार्गच नाही असं होत नाही. बुडापेस्टच्या वरच्या भागात नदीचा तळ उत्खननामुळे आधीपासूनच खोल गेला होता, हेही न्यायालयाने नोंदवलं, म्हणजे सगळा दोष होऊ घातलेल्या धरणावर टाकता येत नव्हता.

स्वतः हातभार लावला म्हणजे काय?

1977 मध्ये करार करताना हंगेरीला पर्यावरणाच्या परिणामांची कल्पना होती. 1983 मध्ये तिच्याच सांगण्यावरून काम लांबवलं गेलं. मग 6 फेब्रुवारी 1989 रोजी तिनेच काम वेगाने करायच्या करारपत्रावर सही केली. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत काम बंद. न्यायालय म्हणालं की, निकड सिद्ध झाली असती तरीही हंगेरीला ती सांगता आली नसती, कारण आपल्या कृतींनी किंवा निष्क्रियतेने तिनेच ती परिस्थिती ओढवून घ्यायला हातभार लावला होता.

ही अट किती सरकू शकते हे अर्जेंटिनाने दाखवलं. 2001 च्या आर्थिक कोसळण्यानंतर परदेशी गुंतवणूकदारांनी केलेल्या दाव्यांत अर्जेंटिनाने निकडीचा बचाव घेतला. सीएमएस कंपनीच्या दाव्यात लवादाने 2005 मध्ये तो फेटाळला, कारण सरकारच्या धोरणांचा संकटाला मोठा हातभार होता. पुढच्याच वर्षी एलजी अँड ई कंपनीच्या दाव्यात दुसऱ्या लवादाने त्याच संकटातल्या ठरावीक काळापुरता बचाव मान्य केला. संकट एक, देश एक, उत्तरं दोन. मोठं आर्थिक संकट कधीच एका कारणाने येत नाही, त्यामुळे ‘हातभार’ कितीचा झाला की बचाव बुडतो, हे मोजायला नीट फूटपट्टी नाही. मला हा या अनुच्छेदातला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो.

निकड कधी मान्यही होते का?

18 मार्च 1967 रोजी टॉरी कॅनियन हा लायबेरियाचा ध्वज असलेला तेलवाहू टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकांवर आपटला, ब्रिटनच्या तेव्हाच्या सागरी हद्दीच्या जरासा बाहेर. ब्रिटनने आधी रसायनं वापरून पाहिली, जहाज ओढून काढण्याचे प्रयत्न झाले. ते तुटू लागल्यावर महिन्याच्या शेवटी नौदलाच्या आणि वायुदलाच्या विमानांनी त्यावर बॉम्ब टाकून उरलेलं तेल जाळलं. कोणत्याही देशाने निषेध नोंदवला नाही. विधी आयोगाने निकडीचं उदाहरण म्हणून हीच घटना दिली आहे.

मुंबईच्या मुलांना ही घटना पटकन समजते. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले आणि तेल सांडलं. तेव्हा शाळेत असलेल्यांनाही किनाऱ्यावरचा काळा थर आठवतो. पण फरक लक्षात ठेवा: चित्रा आपल्या पाण्यात होती, तिथे कारवाईचा अधिकार भारताला होताच. निकडीची गरज तेव्हाच पडते, जेव्हा एरवी तुम्हाला तो अधिकार नसतो.

निकड मान्य झाली तर करार संपतो का?

नाही. हा सगळ्यात जास्त वेळा होणारा गैरसमज आहे. निकड असेपर्यंत करार न पाळणं माफ होतं, एवढंच. करार जिवंतच राहतो आणि निकड सरली की पाळण्याचं बंधन पुन्हा लागू होतं. झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा प्रश्नही खुला राहतो, अनुच्छेद 27 मध्ये ते स्पष्ट आहे. हंगेरीनेही कोर्टात मान्य केलं होतं की, निकड सिद्ध झाली तरी भरपाईचं बंधन सुटत नाही.

आता दुसरी बाजू. हंगेरीने करार मोडला होता, मग चेकोस्लोव्हाकियाने नदी वळवली तर बिघडलं काय?

दरवर्षी कोणीतरी चाळीचं उदाहरण देतं: शेजाऱ्याने सामायिक टाकीच्या दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत, तर मी टाकीचा कॉक माझ्याकडे वळवून घ्यायचा का? आपलं मन आधी ‘हो’ म्हणतं. न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं, आणि कारण शांतपणे दिलं.

स्लोव्हाकियाचा मुख्य युक्तिवाद असा होता की, पर्याय सी म्हणजे कराराचीच शक्य तितकी जवळची अंमलबजावणी, म्हणून ती बेकायदेशीर नाहीच. न्यायालयाला ते पटलं नाही, कारण एकट्याने चालवलेली व्यवस्था हा मूळ संयुक्त प्रकल्प नव्हता. मग प्रतिउपाय म्हणून ते टिकतं का, हे न्यायालयाने तपासलं. समोरच्याने आधी नियम मोडलेला असावा, हे होतं. त्याच राज्याविरुद्ध कृती असावी, हेही होतं. चेकोस्लोव्हाकियाने हंगेरीला अनेकदा सांगितलंही होतं की काम सुरू करा. बचाव पडला तो प्रमाणावर.

डॅन्यूब सामायिक नदी आहे. पर्याय सीमुळे तिथल्या प्रवाहातलं 80 ते 90 टक्के पाणी चेकोस्लोव्हाकियाच्या कालव्यात गेलं. हंगेरीने मोडला होता तो बांधकामाचा करार. बदल्यात तिचा गेला तो नदीच्या पाण्यातला न्याय्य वाटा, आणि त्याचे सिगेटकोझवरचे परिणाम रोजचे होते. म्हणजे प्रमाण मोजताना कोणाचे किती पैसे बुडाले एवढंच पाहून चालत नाही. कोणता हक्क हिरावला गेला, हेही पाहावं लागतं.

पण न्यायालयाने चेकोस्लोव्हाकियाचं बांधकाम योग्य ठरवलं, असं वाचलं आहे.

बरोबर वाचलं आहे, आणि हा निकालातला बारीक पण फार उपयोगी धागा आहे. पर्याय सीचं बांधकाम सुरू करणं चुकीचं नव्हतं (9 विरुद्ध 6 मतं). ते प्रत्यक्ष चालू करून पाणी वळवणं चुकीचं होतं (10 विरुद्ध 5). तयारी वेगळी आणि बेकायदेशीर कृत्य पूर्ण होणं वेगळं. नदी वळली नाही तोवर चेकोस्लोव्हाकियाला माघार घेता येत होती. हंगेरीने काम थांबवणं आणि सोडून देणं मात्र 14 विरुद्ध 1 मतांनी चुकीचं ठरलं.

प्रमाणात बसलेला प्रतिउपाय कसा दिसतो?

1978 चा अमेरिका-फ्रान्स विमानसेवेचा लवाद बघा. लंडनला प्रवाशांना लहान विमानात बसवून पॅरिसला यायची पॅन अॅम या अमेरिकी विमान कंपनीची पद्धत फ्रान्सला मान्य नव्हती. मे महिन्यात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर पोलिसांनी विमानाला वेढा घातला आणि प्रवाशांना उतरू दिलं नाही. अमेरिकेने एअर फ्रान्सची लॉस एंजेलिसची आठवड्यातली तीन उड्डाणं थांबवण्याचा आदेश काढला. लवादाने ते प्रमाणाबाहेर मानलं नाही. क्षेत्र तेच, तत्त्वाचा प्रश्न तोच, आणि वाद मिटला की उड्डाणं दुसऱ्या दिवशी पूर्ववत करता येत होती.

प्रतिउपाय घेण्याआधी काय करावं लागतं?

समोरच्याला नियमभंग थांबवायला सांगायचं, आपण काय करणार ते कळवायचं आणि वाटाघाटीची तयारी दाखवायची. हक्क तातडीने वाचवायचे असतील तर पूर्वसूचनेशिवाय काही पावलं उचलता येतात. नियमभंग थांबला असेल आणि वाद बंधनकारक निर्णय देणाऱ्या न्यायालयासमोर असेल, तर प्रतिउपाय थांबवावे लागतात. हेतू शिक्षेचा नसतो, समोरच्याला परत नियमात आणण्याचा असतो. म्हणून शक्य तिथे पाऊल मागे घेता येण्यासारखं हवं. आणि तुमचा आधीचा अंदाज चुकला, म्हणजे समोरच्याने मुळात नियम मोडलाच नव्हता असं पुढे ठरलं, तर तुमचा ‘प्रतिउपाय’ हाच नियमभंग होतो. धोका सगळा तुमचा.

कोणत्या गोष्टी प्रतिउपाय म्हणून कधीच करता येत नाहीत?

बळाचा वापर किंवा त्याची धमकी, मूलभूत मानवी हक्क मोडणं, युद्धकाळात मानवतावादी कायद्याने मनाई केलेला सूड, आणि कोणत्याही स्थितीत न मोडता येणारे नियम मोडणं. राजदूत आणि त्यांच्या कचेऱ्यांना हात लावता येत नाही. निकडीच्या नावाखालीही वंशसंहारासारखं कृत्य माफ होत नाही.

व्हिसा बंद करणं, राजदूत परत बोलावणं हे प्रतिउपाय आहेत का?

सहसा नाही. ते अमैत्रीपूर्ण असलं तरी मुळात कायदेशीर आहे, त्यामुळे बचावाची गरजच पडत नाही. बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘प्रत्युत्तर’ म्हणतात. आधी एकच प्रश्न विचारा: हे एरवी केलं असतं तर नियम मोडला असता का?

सिंधू पाणी कराराची स्थगिती यात बसते का?

हा प्रश्न 2025 पासून प्रत्येक वर्गात येतो, आणि तो यायलाच हवा. 23 एप्रिल 2025 रोजी भारताने जाहीर केलं की, पाकिस्तान सीमापार दहशतवादाला पाठिंबा देणं विश्वासार्हपणे आणि कायमचं सोडत नाही तोवर 1960 चा करार स्थगित राहील. ‘तोवर’ या शब्दात प्रतिउपायाची चाल दिसते: समोरच्याला वळणावर आणणं, आणि मागे घेता येणं. पण भारताने परिस्थिती मुळातून बदलल्याचंही म्हटलं आहे, आणि तो युक्तिवाद करार कायद्याचा आहे, राज्यांच्या जबाबदारीचा नाही. याच करारातल्या वादांसाठी नेमलेल्या लवाद न्यायालयाने 27 जून 2025 रोजी म्हटलं की, स्थगितीने आपलं अधिकारक्षेत्र जात नाही, आणि भारत त्या न्यायालयालाच मान्यता देत नाही.

मी मुलांना बाजू घ्यायला सांगत नाही, यादी करायला सांगते. दहशतवादी कृत्याची जबाबदारी कायद्याने पाकिस्तानवर येते, हे कसं दाखवाल? प्रत्यक्षात किती पाणी रोखलं गेलं, आणि किती फक्त माहिती देणं थांबलं? माहिती थांबवणं आणि प्रवाह थांबवणं यांचं प्रमाण एकच नाही. शेतीवर आणि पिण्याच्या पाण्यावर परिणाम झाला, तर मानवी हक्कांची अट कुठे लागते? डॅन्यूबच्या निकालात 80 ते 90 टक्क्यांचा आकडा मिळाला नसता तर प्रमाणाचा प्रश्न इतक्या सहज सुटला नसता, हे मग त्यांच्या लक्षात येतं.

डॅन्यूबचं शेवटी काय झालं?

1977 चा करार जिवंत आहे, असं न्यायालय म्हणालं. हंगेरीने करार संपवल्याची सूचना निष्फळ ठरली. दोघांनीही एकमेकांचं नुकसान केलं आहे, तेव्हा भरपाईचे दावे सोडून देऊन हिशोब मिटवता येईल असं सुचवून, पुढचं बोलणी करून ठरवा म्हणून सांगितलं. 1998 मध्ये स्लोव्हाकियाने आणखी निकाल मागितला, ती मागणी 2017 मध्ये मागे घेतली गेली. नागिमारोशचं धरण कधीच झालं नाही. चुनोवोचा बांध उभा आहे, आणि डॅन्यूबचं पाणी आजही गाबचिकोवोच्या कालव्यातून जातं.